दोन हजारांत कानाला काय लावायचं? ड्रायव्हर, कोडेक आणि कॉलचा आवाज

माझी भाची डोंबिवलीत राहते आणि घरूनच काम करते. लॅपटॉपवरून ग्राहकांचे फोन घ्यायचे, त्यांचे खाते क्रमांक आणि रकमा परत म्हणून खात्री करून घ्यायची, असं रोज सहा तास चालतं. तिने हौसेने 1,899 रुपयांचे बिनतारी इअरबड्स घेतले. खोक्यावर तीन गोष्टी ठळक छापल्या होत्या : 13 मिलिमीटरचा ड्रायव्हर, हाय-रेझ कोडेक आणि चार माइक. गाणी त्यावर खरंच छान वाजायची. पण आठवड्याभरात तिची टीम लीडर म्हणाली, "अगं, तुझा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो." दुसऱ्याच दिवशी हिने सांगितलेलं ‘साठ’ एका ग्राहकाने ‘आठ’ ऐकलं आणि पुढचा अर्धा तास त्या घोळात गेला.

इअरबड्स बिघडलेले नव्हते. खोक्यावरच्या ज्या गोष्टींवर तिने भरवसा ठेवला होता, त्यांतल्या पहिल्या दोन कॉलच्या कामाच्याच नव्हत्या आणि तिसरी अर्धवट कामाची होती. पहिल्यांदा हेडफोन किंवा इअरफोन घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची गफलत इथेच होते. म्हणून खाली जो क्रम दिला आहे, त्याच क्रमाने विचार करा. बजेट दोन हजार धरलं आहे. दुकानागणिक आणि सेलगणिक किमती हलतात, त्यामुळे आकडे अंदाजे समजा.

पायरी 1 : आधी तास मोजा

दुकानात किंवा ॲपवर जाण्याआधी एका कागदावर दोन आकडे लिहा. दिवसात किती तास नुसतं ऐकता, आणि किती तास बोलता. ऐकण्यात गाणी, व्हिडिओ, लेक्चर येतात. बोलण्यात फोन, मीटिंग, ऑनलाइन शिकवणी. त्याच्या शेजारी लिहा की बोलताना तुम्ही कुठे असता आणि कशावरून बोलता. फोनवरून की लॅपटॉपवरून, बंद खोलीत पंख्याखाली की रस्त्यावर.

भाचीने लिहिलं : ऐकणं एक तास, बोलणं सहा तास, लॅपटॉपवरून, हॉलच्या कोपऱ्यात, पंखा चालू, शेजारी स्वयंपाकघर. हा कागद आधी लिहिला असता तर ते इअरबड्स तिने घेतलेच नसते. बोलणं रोज तासाभरापेक्षा जास्त असेल तर माइक आधी बघायचा आणि बाकी सगळं नंतर.

पायरी 2 : ड्रायव्हर, म्हणजे नक्की काय वाजतं

ड्रायव्हर म्हणजे विजेपासून आवाज बनवणारा भाग, कानातला छोटा स्पीकर. या बजेटमध्ये तुम्हाला मुख्यतः डायनॅमिक ड्रायव्हर भेटेल. पातळ पडदा, त्याला चिकटवलेली तारेची गुंडाळी आणि मागे चुंबक. गुंडाळीतून वीज गेली की ती चुंबकाशी खेचाखेच करते, पडदा पुढेमागे हलतो आणि हवा हलते. मोठ्या स्पीकरची हीच रचना लहान केलेली. खर्जाचा आवाज हा ड्रायव्हर सहज देतो.

दुसरा प्रकार बॅलन्स्ड आर्मेचर. श्रवणयंत्रांत वर्षानुवर्षं वापरला जाणारा हा इवलासा धातूचा डबा. आत चुंबकांच्या मधोमध एक पातळ पट्टी तोललेली असते, तिच्या थरथरीने पडदा हलतो. बोलण्याचे आणि वरच्या पट्टीचे बारकावे तो छान काढतो, पण खर्जासाठी एकटा सहसा कमी पडतो. म्हणून स्वस्त तारेच्या इअरफोनमध्ये एक डायनॅमिक आणि एक किंवा अनेक आर्मेचर अशी जोडी लावतात आणि तिला हायब्रिड म्हणतात. तिसरा प्रकार प्लॅनर मॅग्नेटिक. त्यात पडदाभर वाहक पट्ट्या छापलेल्या असतात. तो ऐकायला मिळाला तर जरूर ऐका, पण दोन हजारांच्या खरेदीत त्याचा विचार करू नका.

आता खोक्यावरच्या आकड्यांचं बघू. 13 मिलिमीटरचा ड्रायव्हर 10 मिलिमीटरपेक्षा चांगला, हे खरं नाही. पडदा कशाचा आहे, मागची पोकळी कशी आहे आणि बनवणाऱ्याने आवाजाचा तोल कसा बसवला आहे, यावर सगळं ठरतं. मूनड्रॉप चू आणि सेव्हन हर्ट्झ सॅलनोट्स झीरो हे स्वस्त तारेच्या इअरफोनमध्ये नाव कमावलेले दोन्ही इअरफोन एकाच 10 मिलिमीटरच्या डायनॅमिक ड्रायव्हरवर चालतात. तसंच ‘चार ड्रायव्हर’ लिहिलंय म्हणून हुरळून जाऊ नका. स्वस्त हायब्रिडमध्ये आर्मेचरचा आवाज पुष्कळदा वेगळा पडतो, झांजेचा किंवा ‘स’चा आवाज कानात टोचतो. याच किमतीत एकच नीट बसवलेला ड्रायव्हर मी डोळे मिटून निवडेन. आणि ‘20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ’ ही ओळ तर वाचूच नका. ती जवळजवळ प्रत्येक खोक्यावर असते आणि त्या पट्ट्यात कुठला आवाज किती उठतो, हे ती सांगत नाही.

ड्रायव्हरपेक्षा मोठा फरक पाडणारी वस्तू खोक्यातल्या छोट्या पिशवीत पडलेली असते : रबरी टिप्स. कानाच्या नळीत टिप घट्ट बसली नाही तर हवा निसटते आणि तिच्याबरोबर खर्ज निसटतो. तबल्याचं रेकॉर्डिंग लावा. डग्ग्याचा घुमारा ऐकू येतोय का बघा. मग इअरफोन बोटाने हलकेच आत दाबा. दाबल्यावर डग्गा अचानक भरून वाजायला लागला तर तुमची टिप लहान आहे, मोठी लावा. आणि दोन कानांना वेगवेगळ्या मापाची टिप लागणं अगदी नेहमीचं आहे. भाचीच्या उजव्या कानाला मधली आणि डाव्याला मोठी लागली. तोवर ती म्हणत होती की डावीकडचा इअरबड खराब आहे.

पायरी 3 : कोडेक, आणि माइक चालू झाल्यावर होणारा बदल

या पायरीवर जरा थांबून वाचा, कारण सगळी गोम इथे आहे.

ब्लूटूथवरून आवाज जसाच्या तसा जात नाही. फोन तो दाबून लहान करतो, हवेतून पाठवतो आणि इअरबड तो परत उलगडतो. दाबण्या-उलगडण्याची ही पद्धत म्हणजे कोडेक. फोन आणि इअरबड दोघांनाही तीच पद्धत यावी लागते. एसबीसी सगळ्यांना येतं, कारण नेहमीच्या ब्लूटूथवर गाणी ऐकायला ते सक्तीचंच आहे. आयफोन एसबीसी आणि एएसी या दोनच भाषा बोलतो, त्यामुळे आयफोनवाल्यांनी एलडॅक किंवा ॲप्टएक्स या कोडेकसाठी एक रुपयाही जास्त देऊ नये. अँड्रॉइडमध्ये 2017 च्या आठव्या आवृत्तीपासून सोनीचं एलडॅक आलं. ते सेकंदाला 990, 660 किंवा 330 किलोबिट पाठवू शकतं. तुलनेसाठी, एसबीसी नीट चाललं तर 328 च्या आसपास जातं.

आकडे बघून 990 तिप्पट चांगलं वाटतं. पण संध्याकाळच्या डोंबिवली लोकलमध्ये, जिथे डब्यात शंभर ब्लूटूथ एकाच वेळी बोलत असतात, तिथे 990 टिकत नाही. आवाज तुटू नये म्हणून फोन खाली उतरत 330 वर येतो. शिवाय मोफत ॲपवरचं गाणं मुळातच बरंच दाबलेलं असतं. दोन हजारांच्या इअरबड्समध्ये एसबीसी आणि एलडॅक यांतला फरक टिपच्या मापातल्या फरकापेक्षा कितीतरी लहान असतो. तुमच्या फोनवर सध्या काय चालू आहे ते बघायचं असेल तर अँड्रॉइडच्या Settings मध्ये About phone मधल्या Build number वर सात वेळा टॅप करा. मग उघडणाऱ्या Developer options मध्ये Bluetooth audio codec दिसेल.

आता मुख्य मुद्दा. वर सांगितलेले सगळे कोडेक नुसतं ऐकण्याच्या वाटेवरचे आहेत. नेहमीच्या ब्लूटूथमध्ये आवाजाला दोन वाटा असतात. एक गाण्याची : एकाच दिशेने, फोनकडून कानाकडे, रुंद आणि दोन्ही कानांना वेगवेगळा आवाज देणारी. दुसरी कॉलची : दोन्ही दिशांनी, पण अरुंद, आणि डाव्या-उजव्या कानाला एकच आवाज. दोन्ही वाटा एकाच वेळी चालत नाहीत. इअरबडचा माइक चालू झाला की जोडणी गाण्याची वाट सोडून कॉलच्या वाटेवर उडी मारते. एलडॅक, एएसी, ॲप्टएक्स सगळे मागे राहतात.

कॉलच्या वाटेवर वेगळेच कोडेक असतात. सगळ्यांना येणारं आणि सगळ्यांत जुनं ते सीव्हीएसडी. ते सेकंदाला 8 हजार नमुने घेतं, म्हणजे साधारण साडेतीन-चार किलोहर्ट्झच्या वरचा आवाज त्यातून जातच नाही. त्याच्या वरचं एमएसबीसी. ते 16 हजार नमुने घेतं आणि सात किलोहर्ट्झच्या आसपास पोचतं. दोन्ही बाजूंना जमत असेल तरच एमएसबीसी लागतं, नाहीतर गुपचूप सीव्हीएसडी.

‘साठ’चं ‘आठ’ इथे झालं. ‘स’ म्हणजे दातांतून निघणारी हवेची सळसळ, आणि तिचा मोठा भाग चार किलोहर्ट्झच्या वर असतो. सीव्हीएसडीने तो कापला की उरतो ‘आठ’. भाचीच्या लॅपटॉपवर नेमकं हेच चालू असावं, कारण तिच्या रेकॉर्डिंगमध्ये ‘स’ आणि ‘श’ पूर्ण बोथट झाले होते. तेच इअरबड्स फोनला जोडल्यावर ‘स’ परत आला. इअरबड्स तेच, फक्त समोरचं यंत्र बदललं.

या अडचणीवर एक फुकटचा उपाय आहे आणि तो प्रत्येक इअरबडवाल्याला माहीत हवा. मीटिंगच्या ॲपमध्ये आवाजाच्या सेटिंगला जा. ऐकण्यासाठी इअरबड ठेवा, पण Microphone च्या जागी लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडा. विंडोजमध्ये तो बहुधा Microphone Array अशा नावाने दिसतो. इअरबडचा माइक झोपलेला राहिला की ब्लूटूथ गाण्याच्या रुंद वाटेवरच राहतं. समोरच्याचा आवाज भरीव येतो आणि तुमचा आवाज त्या अरुंद वाटेने जातच नाही. विंडोज 10 वर यादीत एकाच इअरबडची दोन नावं दिसतात, एकात Stereo आणि दुसऱ्यात Hands-Free. त्यातलं Hands-Free नाव निवडलेलं असेल तर गाणंसुद्धा जुन्या लँडलाइनसारखं वाजेल. ‘माझे इअरबड लॅपटॉपवर घाण वाजतात’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा एवढंच असतं.

दोन गोष्टी थोडक्यात. खोक्यावरचा ‘ब्लूटूथ 5.3’ हा आकडा आवाजाचा दर्जा सांगत नाही. एलई ऑडिओ आणि त्याचं एलसी3 हे नवं कोडेक कॉलची वाट रुंद करतं, पण 5.3 असलं म्हणजे ते आहेच असं नाही. ते स्पष्ट लिहिलेलं हवं, आणि तुमच्या फोनलाही यायला हवं. दुसरी गोष्ट : साधा फोन लावला तर नेटवर्कचीही मर्यादा येते. जुन्या पद्धतीचा कॉल 300 ते 3400 हर्ट्झमध्येच बसवलेला असतो. दोन्हीकडे व्होल्टे चालू असेल तर आवाज सात किलोहर्ट्झपर्यंत जाऊ शकतो. फोनच्या सेटिंगमध्ये व्होल्टे बंद असेल तर आधी ते चालू करा, मग इअरफोनला बोल लावा.

पायरी 4 : माइक तोंडापासून किती लांब आहे

कॉलच्या आवाजात कोडेकइतकंच, माझ्या मते त्याहून जास्त, महत्त्व अंतराला आहे. तोंडापासूनचं अंतर दुप्पट झालं की माइकपर्यंत पोचणारा आवाज 6 डेसिबलने पडतो, म्हणजे त्याचा दाब निम्मा होतो. पंख्याचा आवाज मात्र खोलीभर सारखाच असतो. तो कमी होत नाही.

आता मोजा. कानात बसणाऱ्या इअरबडचा माइक ओठांपासून साधारण 12 सेंटिमीटरवर असतो. दांडी असलेल्या हेडसेटचा, म्हणजे गालावरून पुढे येणाऱ्या बूम माइकचा, 3 सेंटिमीटरवर आणता येतो. अंतर चौपट कमी, म्हणजे तुमचा आवाज पंख्याच्या तुलनेत चौपट दाबाने पोचला. कुठलंही सॉफ्टवेअर न वापरता. स्वस्तातल्या चार माइकांना हे जमवणं अवघड जातं.

चार माइकांचं काम काय, तेही समजून घ्या. खोक्यावर ईएनसी लिहिलेलं असतं, ते समोरच्या माणसासाठी. तुमच्या भोवतीचा गोंगाट त्याच्यापर्यंत जाऊ नये म्हणून. एएनसी असतं ते तुमच्या कानासाठी. पंखा, एसी, गाडीची घरघर अशा एकसुरी खर्जाच्या आवाजांवर ते चालतं. शेजारच्या गप्पांवर फारसं नाही, त्यासाठी घट्ट बसलेली टिपच लागते. लोक एएनसी बघून इअरबड घेतात आणि मग विचारतात की कुकरची शिट्टी समोरच्याला का ऐकू जाते. एएनसीचा त्याच्याशी संबंधच नाही.

स्वस्त ईएनसीचा एक दोष नेमका ओळखता येतो. शांत राहून एकदम बोललात की शब्दाचा पहिला तुकडा गिळला जातो. ‘हो’चं ‘ओ’ होतं, ‘नमस्कार’चं ‘मस्कार’. गोंगाट कमी करणारं सॉफ्टवेअर तुमचा आवाज सुरू झालाय हे उशिरा ओळखतं, म्हणून असं होतं. मोठ्या गोंगाटात तर ते तुमच्या शब्दांचेच लचके तोडतं आणि आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो.

इअरबडच घ्यायचे असतील तर खाली दांडी असलेले घ्या. माइक तोंडाकडे दोन-तीन सेंटिमीटर सरकतो, आणि तेवढंही कानावर येतं. गळ्यात अडकवायच्या नेकबँडचा माइक बहुतेक वेळा कॉलरजवळच्या पट्टीवर असतो. कपड्याला घासला की खरखर होते, पण बॅटरी मोठी असते आणि इअरबड हरवण्याची भीती नसते. तारेच्या इअरफोनचा माइक तारेवर हनुवटीच्या आसपास लटकतो. ती जागा वाईट नाही, आणि तारेत कॉलची अरुंद वाट हा प्रकारच नाही. फक्त ओढणीला किंवा शर्टाच्या बटणाला तो घासू नये म्हणून कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारखी छोटी क्लिप लावा.

पायरी 5 : जोड बसतो का ते बघा

तारेचा इअरफोन घेताना पिनेवरचे काळे पट्टे मोजा. तीन पट्टे म्हणजे चार भाग, म्हणजे माइक आहे. दोन पट्टे म्हणजे नुसतं ऐकण्याचा. हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपला एकच भोक असतं, तिथे तीन पट्ट्यांची पिन थेट चालते. जुन्या डेस्कटॉपला हिरवं आणि गुलाबी अशी दोन भोकं असतात. तिथे नुसती पिन घातली तर ऐकू येईल पण माइक चालणार नाही. त्याला हेडसेट स्प्लिटर लागतो, शंभर-दीडशेला मिळतो. विकत घेताना ‘माइक आणि हेडफोन वेगळे करणारा’ असं नीट सांगा. दोन हेडफोन एकत्र लावायचा स्प्लिटर दिसायला तसाच असतो आणि दुकानदार घाईत तोच देतो.

फोनला गोल भोक नसेल तर यूएसबी-सी जोड लागतो. सगळ्यांत स्वस्त जोड फक्त तारा जोडतात, आणि ते काहीच फोनवर चालतात. ‘डॅक असलेला’ मागा, म्हणजे आवाज बनवणारी चिप जोडाच्याच आत असते. ऐकण्यासाठी नामांकित तारेचे इअरफोन घेत असाल तर माइकसह आणि माइकशिवाय अशा दोन आवृत्त्या असतात का, तेही बघा. पैसे सारखेच आणि माइक नाही, असं कित्येकांचं झालंय.

पायरी 6 : दोन हजारांची वाटणी

बजेट लहान असेल तेव्हा एकाच वस्तूने सगळं करायचा हट्ट महागात पडतो. एका इअरबडमध्ये बॅटरी, डबी, ब्लूटूथ चिप, एएनसी, चार माइक आणि दोन ड्रायव्हर सगळे दोन हजारांत बसवायचे म्हटल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला थोडंच येतं. तारेच्या इअरफोनमध्ये सगळा पैसा ड्रायव्हर, कवच आणि तार यांतच जातो. शिवाय इअरबडच्या इवल्या बॅटऱ्या रोजच्या वापरात दोन-तीन वर्षांत दम टाकतात, आणि त्या बदलणं बहुतेक वेळा परवडत नाही.

भाचीकडे मी एक रविवार सकाळ घालवली. पंखा पाचवर, स्वयंपाकघरात कुकर. ब्राउझरमध्ये `zoom.us/test` उघडलं, तिथे आपला आवाज रेकॉर्ड होऊन लगेच परत ऐकवला जातो. फोनच्या साध्या रेकॉर्डरवर ही चाचणी करू नका, कारण इअरबड जोडलेला असूनही तो बरेचदा फोनचाच माइक वापरतो आणि तुम्ही फसता. प्रत्येक वेळी तिने एकच वाक्य म्हटलं : "साठ शेळ्या, आठ फणस, सातशे शहाऐंशी फुलं." यात ‘स’, ‘श’, ‘फ’ सगळे आहेत, म्हणून.

पहिल्यांदा इअरबडचा माइक : ‘आठ एळ्या, आठ पणस’ असं काहीतरी. दुसऱ्यांदा कानात इअरबड आणि माइक लॅपटॉपचा : ‘स’ स्वच्छ, पण मागे पंख्याचा घोंघाट आणि शिट्टी जशीच्या तशी. तिसऱ्यांदा खणात पडलेला जुन्या फोनबरोबर आलेला तारेचा इअरफोन : ‘साठ’ म्हणजे ‘साठ’, पंखा बारीक, फक्त ओढणीची खरखर. ती रेकॉर्डिंग ऐकून हेडफोन काढत म्हणाली, "मामा, हे फुकटचं त्या एकोणीसशेपेक्षा भारी आहे रे!"

मग तिची वाटणी अशी ठरली. सहा तासांच्या कॉलसाठी बूम माइक असलेला तारेचा यूएसबी हेडसेट, साधारण पंधराशेचा. यूएसबी अशासाठी की त्याची आवाजाची चिप स्वतःची असते, लॅपटॉपच्या भोकातली घरघर त्यात येत नाही. सहा तास कानात टिप घालून बसलं तर कान दुखतो, म्हणून कानावर ठेवायचा. गाण्यासाठी उरलेल्या चार-पाचशेत साधा एका डायनॅमिक ड्रायव्हरचा तारेचा इअरफोन.

तुमचा कागद वेगळा असेल तर वाटणीही वेगळी. बोलणं दिवसाला अर्धा तास आणि तेही फोनवर असेल, तर बाराशे-पंधराशेचा दांडीचा इअरबड किंवा नेकबँड पुरेसा आहे. त्यात एएसी असलं की बास, एलडॅकसाठी वाढीव पैसे नकोत. बोलणं जवळजवळ नाहीच आणि गाण्याचं वेड असेल, तर सगळेच पैसे एका चांगल्या तारेच्या इअरफोनवर घाला आणि लागला तर डॅकचा जोड त्याच दोन हजारांत बसवा. विद्यार्थ्याला लेक्चरं ऐकायची आणि मधूनमधून प्रश्न विचारायचा असेल, तर सहा-सातशेचा माइकवाला तारेचा इअरफोन घ्या आणि उरलेले पैसे पुस्तकांना राहू द्या.

पायरी 7 : परत देण्याची मुदत संपायच्या आत

मागवण्याआधी परतीची अट वाचा. इअरफोन कानात घालायची वस्तू असल्यामुळे बऱ्याच ठिकाणी पैसे परत मिळत नाहीत, फक्त बिघडलेली वस्तू बदलून मिळते. ‘कॉलवर आवाज बोथट येतो’ हा त्यांच्या लेखी बिघाड नसतो. भाचीचे इअरबड्स याच कारणाने परत गेले नाहीत.

वस्तू आली की पहिल्याच संध्याकाळी, तुम्ही रोज जिथे बोलता तिथेच बसून, तेच यंत्र आणि तोच पंखा चालू ठेवून वरचं वाक्य रेकॉर्ड करा. मग दहा सेकंद गप्प राहून एकदम ‘हो’ म्हणा आणि ‘ह’ शिल्लक आहे का ऐका. बूम माइक असेल तर तो ओठांच्या अगदी समोर धरू नका. ओठांच्या कोपऱ्याशी, दोन बोटं अंतरावर ठेवा, नाहीतर ‘प’ आणि ‘भ’ म्हणताना फुंकर बसते. त्यानंतर डावा-उजवा समान वाजतो का ते एखादं जुनं, दोन्ही कानांना एकच आवाज देणारं, म्हणजे मोनो रेकॉर्डिंग लावून तपासा. गायकाचा आवाज डोक्याच्या बरोबर मधोमध यायला हवा. एका बाजूला झुकला तर आधी टिपा बदलून बघा, दोन्ही कानांत अदलाबदल करून बघा. झुकाव इअरफोनबरोबर दुसऱ्या कानाकडे गेला तर ड्रायव्हरांची जोडी जुळलेली नाही, आणि हा बदलून मिळण्याजोगा दोष आहे.

भाचीचा हेडसेट आला त्या संध्याकाळी तिने मला रेकॉर्डिंग पाठवलं. मागे कुकरची शिट्टी अगदी लांबून ऐकू येत होती, आणि साठ शेळ्या साठच होत्या. इअरबड्स आता तिच्या बाबांकडे आहेत. ते सकाळी गार्डनमध्ये चालताना त्यावर अभंग ऐकतात आणि फोन आला की इअरबड काढून फोन कानाला लावतात.